आधी टॅन पंचेचाळीस

आजोबांनी नातीला पत्र लिहायला घेतलं, तेव्हा नात पलीकडच्याच खोलीत बुटांचा चिखल खरवडत बसली होती. मधे एक भिंत, भिंतीला दार, आणि दार सताड उघडं. हाक मारली असती तर नात ब्रशसकट हजर झाली असती. पण मोजणी खात्यात उभा जन्म घालवलेला माणूस हरकत तोंडी नोंदवतो होय? हरकत लेखीच द्यायची असते. वर तारीख, खाली सही, आणि मधे समोरच्याची अक्कल काढायची. निवृत्त झाल्यावर हरकत घ्यायला कोणी उरलं नव्हतं, ही काही आजोबांची चूक नव्हे.

पत्राचं निमित्त आठवड्यापूर्वीचं होतं. जेवताना आजोबांनी विचारलं होतं, "तुमच्या त्या रस्त्याच्या वळणाचं गणित कोण करतं गं?" नात रस्त्याच्या कामावर नवीनच लागलेली इंजिनियर. दिवसभर उन्हात होती, भूक लागली होती, आणि तिनं घास चावता चावता सांगून टाकलं, "आजोबा, आता ती त्रिकोणमिती मशीनच्या पोटातच असते. आपण नुसतं बटण दाबायचं."

आजोबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठून गेले. नातीला कळलंसुद्धा नाही. सुनेला कळलं, कारण त्यानंतर तीन वेळा तिला "बटण दाबलं की पोळी भाजते का बघ" असं ऐकून घ्यावं लागलं.

सुनेला त्याहून मोठी चिंता होती. गेल्या काही महिन्यांत आजोबांनी दूध दोनदा जाळलं. एकदा फिरून येताना शेजारच्या गल्लीतल्या भलत्याच घराचं फाटक उघडून आत गेले, आणि वर त्या बाईलाच विचारलं, "तुम्ही कोण?" म्हणून सुनेनं आणि मुलानं ठरवलं होतं की सोमवारी त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे दाखवायचं. आजोबांनी त्याला नाव ठेवलं होतं, "माझ्या डोक्याची मोजणी". ही मोजणी त्यांना मान्य नव्हती. त्यांचं डोकं ठणठणीत होतं. फक्त ते सिद्ध कसं करायचं, एवढाच प्रश्न होता.

आणि शुक्रवारी त्याचं उत्तर आपल्या पायानं चालत आलं. म्हणजे चालत आजोबाच गेले होते, नातीच्या कामावर. तिनं "साइटवर येऊन ओरडू नका" अशी तंबी दिली होती. ते ओरडले नाहीत, नुसते गेले. दोन सरळ रस्ते जिथे एकमेकांना भेटायचे, तिथे गोल वळण व्हायचं होतं. कोपऱ्याच्या पलीकडच्या अंगाला सुताराची शेड होती. वळण जिथून सुरू व्हायचं तिथे आणि जिथे संपायचं तिथे नातीनं लाल फडकं बांधलेल्या दोन खुंट्या ठोकल्या होत्या. मधलं वळण अजून आखायचं होतं. सोमवारी खोदाईचं यंत्र येणार होतं.

आजोबांनी कोपऱ्यापासून पहिल्या खुंटीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. घरी येऊन नातीच्या टेबलावरच्या नकाशात वळणाचा कोन आणि त्रिज्या बघितली. मग छातीच्या खिशातून आपला जुना कॅल्क्युलेटर काढला. हा कॅल्क्युलेटर ते रोज चष्म्याच्या फडक्यानं पुसत आणि कोणालाही हात लावू देत नसत. पोटच्या मुलानं एकदा त्यावर भाजीचा हिशेब केला होता, त्याचा उद्धार अजून चालू होता.

बटणं दाबली. आकडा बघितला. पुन्हा दाबली. तोच आकडा आला.

आजोबांना इतका आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. नातीची खुंटी सात मीटरनं चुकली होती! डोकं कोणाचं बिघडलंय ते आता बघाच म्हणावं. त्यांनी पांढरा कागद घेतला.

"चि. इंजिनियरबाईंस आशीर्वाद. विनंती विशेष काही नाही, कारण विनंती करायची मला सवय नाही.

तू म्हणालीस, त्रिकोणमिती मशीनच्या पोटात असते. असेल. अजीर्ण झालं तर कळणार कसं, एवढंच विचारतो.

शेताची हद्द मोजायला गेलीस आणि मधे तळं आलं. टेप घेऊन पोहणार आहेस का? नाही. काठावर एक सरळ रेघ मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून पलीकडचा दगड बघायचा, दोन कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन हातात आले की त्रिकोणानं तोंड उघडलंच पाहिजे. उरलेल्या बाजू तो मुकाट्यानं सांगतो. पाय ओला होत नाही. शेत उतारावर असेल तर टेप जमिनीवरून लोळवत नेऊ नकोस. नकाशा सपाट असतो, जमीन तिरकी असते. तिरक्या लांबीला उताराच्या कोनाच्या कोसाइननं गुणलं तर खरी लांबी मिळते. हे न करणाऱ्या शहाण्यांनी शेजाऱ्याच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडलेली मी पाहिली आहेत. आमची जमीन नकाशात कमी भरते, म्हणजे यानंच खाल्ली! त्यानं काही खाल्लं नव्हतं. टेकडी चढायला टेप जास्त लागतो, एवढंच.

आता तुझं वळण. तुझे दोन रस्ते पुढे वाढवले की एका कोपऱ्यावर भेटतात, आणि तिथे दिशा अठ्ठेचाळीस अंशांनी बदलते. गाडी काही कोपऱ्यावर टाचेवर गिरकी घेत नाही. म्हणून अलीकडूनच गोल वळायला लागायचं. किती अलीकडून? दीडशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ दोन्ही रस्त्यांना टेकवायचं. ते जिथे टेकतं, तिथून केंद्राकडे जाणारी रेघ रस्त्याशी काटकोन करते. केंद्र, टेकलेला बिंदू आणि कोपरा, असा काटकोन त्रिकोण झाला. केंद्रापाशी त्याचा कोन वळणाच्या निम्मा, म्हणजे चोवीस अंश. तेव्हा कोपऱ्यापासून खुंटीचं अंतर दीडशे गुणिले टॅन चोवीस. उत्तर एकोणसाठ मीटर एकोणचाळीस सेंटिमीटर. दोनदा केलं, दोनदा तेच आलं.

तुझी खुंटी सहासष्टाच्या पुढे आहे. माझ्या पावलांवर विश्वास नसेल तर टेप लाव. तुझ्या मशीनला ढेकर आलेला दिसतो.

माझं ऐकू नकोस. कोणाचंच ऐकू नकोस. आपली चूक आपल्याच हत्यारानं सापडत नाही, दुसरं हत्यार घ्यावं लागतं. माझ्या खुंटीवर कोन मोजायचं यंत्र मांड आणि दर दहा मीटरला एक खुंटी ठोकत वळण जमिनीवर उतरव. दर खुंटीला यंत्र किती कोनात फिरवायचं, त्याला टॅनबिन लागत नाही, नुसता गुणाकार भागाकार आहे. सुरुवात बरोबर असेल तर शेवटची खुंटी दुसऱ्या रस्त्याच्या रेषेवर जाऊन बसेल. नसेल तर नाही बसणार. जमिनीला कोणाची भीड नसते.

आणि गणिताला बसण्याआधी काय विचारायचं असतं, ते लहानपणी शिकवलं होतं. विसरली असशील तर तसं लेखी कळव.

तुझा आजोबा (डोकं शाबूत असलेला)."

पत्र त्यांनी नातीच्या डब्याखाली ठेवलं. त्याआधी मुलाला वाचून दाखवलं आणि सुनेला दोनदा. सोमवारच्या डॉक्टरचा विषय त्यांनी मुद्दाम काढला नाही. आकडा बोलत होता ना!

शनिवारी संध्याकाळी नात घरी आली ती पत्र हातात घेऊनच. तोंड उतरलेलं होतं. तिनं दुपारभर तेच गणित चार वेळा केलं होतं, दर वेळी सहासष्ट मीटर अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर येत होतं. पण समोर आजोबा होते. लहानपणी ह्याच माणसानं तिला खांद्यावर बसवून सगळ्या शेतांचे कोपरे दाखवले होते. ह्यांचा आकडा चुकतो असं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आपलं पहिलंच वळण, आणि पहिल्याच वळणात नाक कापलं जाणार, ह्या भीतीनं तिला जेवण गेलं नाही.

"आजोबा, माझं सहासष्टच येतंय हो."

"येणारच. एकदा पोटात बिघाड झाला की तोच सूर लागतो."

"पण मी मशीन सोडून, हातानं कॅल्क्युलेटरवर केलं."

"मग हात बघून घे. डॉक्टर सोमवारी आहेच. माझ्याऐवजी तूच जा."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, रडवू नका तिला."

"मी रडवतोय? टॅन चोवीस रडवतंय!"

नातीनं डोळे पुसले आणि पत्र घडी घालून खिशात ठेवलं. "ठीक आहे. उद्या सुट्टी आहे. तुमची खुंटी ठोकते, वळण उतरवते. तुम्ही या बघायला. तुमचं बरोबर निघालं तर सोमवारच्या आत माझ्या खुंट्या मी स्वतः उपटीन."

"आणि सोमवारचं डोकं दाखवणं रद्द," आजोबा सुनेकडे बघत म्हणाले. सुनेनं तव्यावरची पोळी उलटली. हे त्यांनी होकारातच धरलं.

रविवारी सकाळी आजोबा धुतलेला सदरा, हॅट आणि काठी अशा थाटात निघाले. नवरदेव फिका पडावा. नातीनं त्यांनी सांगितलेल्या अंतरावर, टेपनं बरोबर मोजून, त्यांची खुंटी ठोकली. खुंटी आजोबांनीच घरून तासून आणली होती. हातोडीही त्यांनीच मारली; अंगठा थोडक्यात वाचला. मग नातीनं खुंटीच्या डोक्यावर यंत्र उभं केलं, समतल केलं, कोपऱ्याकडे रोखलं आणि कोन शून्यावर आणला.

टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. सुतार आपल्या शेडच्या दारात उभा राहून ही गंमत बघत होता. त्याला बोलावलं.

"मला ह्यातलं काही कळत नाही हां," तो म्हणाला.

"उत्तम," आजोबा म्हणाले. "कळणाऱ्यांनीच घोळ घातलाय."

काम सुरू झालं. दर दहा मीटरला नात यंत्र दोन अंशांहून थोडंसं कमी फिरवायची. सुतार टेप ताणून उभा राहायचा. ती दुर्बिणीतून बघत "डावीकडे, अजून डावीकडे, बस" म्हणायची, की तिथे खुंटी ठोकायची. मग त्या खुंटीपासून पुढचे दहा मीटर. आजोबा प्रत्येक खुंटीपाशी जाऊन उभे राहत आणि मागच्या खुंट्यांवरून नजर टाकत. वळण देखणं होत चाललं होतं.

"बघ," ते नातीला म्हणाले, "ह्याला म्हणतात वळण. लोण्यातून सुरी गेल्यासारखं."

अर्धं वळण झालं. पुढे झालं. सुतार टेप घेऊन चालत राहिला. चालता चालता तो थबकला आणि मागे वळून म्हणाला, "बाई, मी माझ्याच शेडकडे चाललोय हो."

"चालत राहा," आजोबा म्हणाले. "रस्ता रस्त्याच्या मर्जीनं जातो."

रस्ता गेला. शेवटची खुंटी जिथे पडायला हवी होती, ती दुसऱ्या रस्त्याची रेषा बाजूला राहिली, आणि खुंटीची जागा आली सुताराच्या शेडच्या उंबऱ्याशी, जिथे तो रंध्याचा भुसा लोटून ठेवत असे. नातीनं दोनदा बघितलं. मग टेप लावून रेषेपासूनचं अंतर मोजलं. साडेपाच मीटर. भांडलेल्या भावांसारखे दोन रस्ते एकमेकांकडे न बघता पुढे गेले होते.

"आता ह्या दारातून गाड्या जाणार का?" सुतारानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आजोबा भुशात उभे होते. त्यांनी हॅट काढली, पुन्हा घातली.

"टेप सैल धरला असेल."

"नाही धरला," सुतार म्हणाला.

"यंत्र समतल नसेल."

"तुम्हीच बुडबुडा बघितलात, आजोबा," नात हळू आवाजात म्हणाली.

मग तिच्या लाल फडक्याच्या खुंटीवरून तेच सगळं पुन्हा केलं. तेच यंत्र, तोच टेप, तोच सुतार. ऊन डोक्यावर आलं होतं. ह्या वेळी आजोबा खुंट्यांपाशी गेले नाहीत. ते शेडच्या सावलीत फळ्यांच्या चळतीवर बसले. शेवटची खुंटी दुसऱ्या रस्त्याच्या रेषेवर बसली, नातीच्या दुसऱ्या लाल फडक्याला टेकून. तिला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. फळ्यांवर बसलेला माणूस एकदम म्हातारा दिसत होता.

ती जाऊन शेजारी बसली. आजोबांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "टॅन चोवीस किती येतो तुझा?"

"शून्य पॉइंट चार चार पाच."

"माझा तीन नऊ सहा." त्यांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "दोनदा केला गं मी. दोनदा."

तिनं हात पुढे केला. "द्या."

"काय?"

"कॅल्क्युलेटर."

घरात कोणाची टाप नव्हती. पण आजोबांनी छातीच्या खिशातून तो काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं गणित केलं नाही. आधी नुसतं पंचेचाळीस दाबलं, मग टॅन.

हेच ते, लहानपणी शिकवलेलं. टॅन पंचेचाळीस म्हणजे एक. काटकोन त्रिकोणात पंचेचाळीस अंश आले की दोन्ही बाजू सारख्या, भागाकार एक. म्हणून कुठल्याही यंत्राला हिशेबाला बसवण्याआधी हे विचारायचं. एक म्हणालं तर शुद्धीवर आहे. नात लहान असताना आजोबा कॅल्क्युलेटर तिच्या मांडीवर ठेवून म्हणत, "आधी ह्याची चौकशी कर." तेव्हापासून ती कॉलेजात, परीक्षेत, साइटवर, रोज आधी तेच विचारत होती. शनिवारीही चारही वेळा विचारलं होतं.

काचेवर आलं शून्य पॉइंट आठ पाच चार.

तिनं तो उन्हात तिरका धरला. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढं अक्षर होतं. "ग्रॅड. आजोबा, हा ग्रॅडवर आहे! काटकोनाचे नव्वदऐवजी शंभर भाग धरतोय. तुमचे चोवीस अंश त्याला साडेएकवीसच्या आसपास वाटताहेत. म्हणून उत्तर कमी."

"ग्रॅडवर कोणी नेला?"

आजोबांनीच खिशातलं चष्म्याचं फडकं बाहेर काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. रोज बटणं इतकी चकचकीत पुसायची, तर एखादं दाबलं जाणारच.

नात उडी मारून उठली. "म्हणजे तुमचं काहीच चुकलं नाही! पत्रातली रीत बरोबर, त्रिकोण बरोबर, पडताळा बरोबर! डोकं शाबूत आहे तुमचं. बिघडलं होतं ते हे डबडं! मी आईला सांगते, सोमवारचं रद्द कर म्हणून."

"खारुताई," आजोबा म्हणाले. ह्या नावानं त्यांनी तिला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती. "खाली बस."

ती बसली.

"माझ्या हाताखाली कोणी मला टॅन चोवीस म्हणजे शून्य पॉइंट तीन नऊ सहा असं सांगितलं असतं ना, तर मी कागद न बघता तोंडावर फेकला असता. त्या आकड्याला वास येतो. परवा मला वास आला नाही. आणि चौकशी मीच केली नाही. तुला पत्रात टोमणा मारला, विसरली असशील तर लेखी कळव म्हणून. विसरलो मी."

"असं एखाद्या वेळी होतं हो, आजोबा."

"दूध एखाद्या वेळी. फाटक एखाद्या वेळी." त्यांनी काठीनं भुशात एक रेघ ओढली. "मी घरी बसून माझ्याच डोक्यानं माझं डोकं तपासतोय, आणि दर वेळी ठणठणीत निघतंय. तो पण दोनदा तेच म्हणाला होता की." त्यांनी कॅल्क्युलेटरकडे बोट दाखवलं. "उद्या जाऊ डॉक्टरकडे. तू चल बरोबर. तुझ्या आईला रडायची सवय आहे."

नातीचेच डोळे भरून आले होते, पण तिनं मान हलवली.

आजोबा उठले, कोपरा ओलांडून चालत गेले आणि आपली खुंटी स्वतः उपटली. ती त्यांनी सुताराला दिली. सुतारानं ती उलटसुलट बघितली आणि लाकूड चांगलं आहे, असा निर्वाळा दिला. त्या दिवशीचं ते एकमेव कौतुक आजोबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

डॉक्टरकडे आजोबांनी कुरकुर केली, डॉक्टरनं सांगितलेलं घड्याळाचं चित्र कागदावर काढलं, आणि वर डॉक्टरलाच सुनावलं की काटे काढायला सांगताना कोन सांगायची पद्धत असते. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला एक आठवला नाही. विस्मरणाची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले. औषध घ्या, कामात राहा, दर तीन महिन्यांनी या.

बाहेर बाकावर बसून आजोबांनी कॅल्क्युलेटर नातीच्या हातात ठेवला. "हा आता तू वापर. फडकं मात्र लावू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मला रोज सकाळी कामावर निघताना विचारायचं. टॅन पंचेचाळीस किती. मी एक म्हणालो तर माझं बोलणं शुद्धीतलं धरायचं, खुशाल वाद घालायचा." त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "आणि ज्या दिवशी एक नाही म्हणालो, त्या दिवशी लगेच मोडीत काढू नका मला. आधी कुठलं बटण दाबलं गेलंय ते बघा."

नातीनं त्यांचा हात धरला. तिनं विचारलं, "टॅन पंचेचाळीस?"

"एक," आजोबा म्हणाले. "आणि त्या वळणावर पाणी निचरायला उतार किती ठेवलायस, ते घरी चल, मला लेखी दे."